फिल्टरचं रबर

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ठिबकचा फिल्टर धुणं. मी झाकण उघडलं, तिनं आतली जाळी ब्रशनं घासली. झाकणाच्या खाचेतलं गोल रबर ढिलं पडलं होतं, तिथून पाणी उडायचं. ते काढून तिनं मनगटात घातलं अन् हात वर केला.

"पाहा, तुमच्या हातची पह्यली बांगडी."

"हालू नको, फोटो येत नाही," मी म्हटलं.

सुटे भाग आम्ही असेच मागवायचो. ती धरायची, मी फोटो काढायचो, मेहकरचा दुकानदार पाहून ओळखायचा अन् एस्टीनं पाठवायचा.

तो फोटो पाठवायचा राहिला. संध्याकाळी तिच्या छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

तेरवी झाली. वावरात तिनं लावलेली मिरची होती. पाणी फिल्टरपाशीच उडून जायचं, नळ्यांत जोर नव्हता, टोकाकडच्या झाडांनी माना टाकल्या होत्या. ही मिरची वाळली तर तिच्या हातचं काहीच उरत नव्हतं.

तिच्या हाताचा फोटो दुसऱ्याला पाठवायला मन होईना. मी ते जुनं रबर पुन्हा काढून जमिनीवर ठेवलं, मापाला शेजारी काडीपेटी ठेवली अन् तो फोटो पाठवला. आलं ते रबर मोठं. खाचेत बसेना, झाकण लागेना. मी दुकानदाराला फोन लावला.

"काय पाठवलं बे हे?"

"काका, तुम्ही जुन्या रबराचं माप देलं. ते ताणलेलं राह्यते. फिल्टरवर कंपनीचं नाव अन् इंच उठवलेले असतात, त्याचा फोटो पाठवा. अन् झाकणाच्या खाचेवर टेप धरून दुसरा. टेप काकूले धरू द्या. तुमच्यानं फोटो हालते."

"तुझी काकू मेली."

तो हळूच म्हणाला, "काऊन सांगतलं नाही हो, काका?"

"सांगून काय, तू रबर घेऊन आला असता?"

मला याहून गोड बोलता येत नाही. तिला सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोकाच्या झाडांना आधी बादलीनं पाणी घातलं. मग फिल्टरच्या अंगावरची माती ओल्या फडक्यानं पुसली. इंग्रजी अक्षरं वर आली. मला वाचता येत नाहीत, त्याला येतात. त्यांचा फोटो काढला. तिच्या शिलाई मशीनमधला टेप आणला होता. झाकण उलटं करून दगडावर ठेवलं अन् टेप खाचेवर आडवा लावला. वाऱ्यानं तो उडे. एका टोकावर खडा ठेवला, दुसरं पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, अन् दोन्ही हातांनी मोबाईल धरला.

फोटोत अंगठा आला. तसाच पाठवला.