मधला बांध दोनदा

गेल्या उन्हाळ्यात दिंडोरीजवळच्या आमच्या शेतात, मोठ्या काकांच्या वाट्यातली साठ घनमीटर काळी माती विनाकारण खरवडली गेली.

दोन्ही काकांचे वाटे शेजारी आहेत. प्रत्येक शंभर मीटर लांब, ऐंशी मीटर रुंद. दोन्ही वाट्यांना चारी बाजूंनी बांध घालायचे होते; दोघांच्या मध्ये मात्र शंभर मीटरचा एकच. बांधाचा पाया दीड मीटर, माथा अर्धा, उंची साठ सेंटीमीटर. म्हणजे छेद ०.६ चौरस मीटर. आखणीला आलेल्या साहेबांनी एका वाट्याची परिमिती ३६० मीटर काढली, दुप्पट केली आणि ४३२ घनमीटर माती लिहिली.

"साहेब, मधला बांध एकच हाय," मोठे काका म्हणाले. "सहाशेवीस मीटर धरा. तीनशे बहात्तर घनमीटर पुरतील."

"परिमिती म्हणजे चारी बाजू, काका. शाळेत शिकवतात."

धाकटे काका हसले. "मग दुसरा बांध पहिल्याच्या डोक्यावर घाला. वर चढून द्राक्षं राखू."

साहेबांना त्यात थट्टा दिसली नाही. जेसीबीवाल्याला त्यांनी ४३२ चाच आकडा दिला. माती मोठ्या काकांच्या वाट्यातूनच घ्यायची ठरली होती. जास्तीची साठ घनमीटर सहाशे चौरस मीटरांवरून दहा सेंटीमीटर खोल निघाली आणि मधल्या बांधावर चढली. त्याचा छेद दुप्पट झाला. साहेबांनी त्याला 'भक्कम काम' म्हटले.

मोठ्या काकांच्या त्या पट्ट्यात मुरूम उघडा पडला. यंदा तिथे सोयाबीन उगवले नाही. मधल्या बांधावर गवत कमरेइतके आहे.