कडब्यात पडलेला बोटाचा शेंडा

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचा शेंडा नखासकट कडब्यात जाऊन पडला होता, आणि सासू दारातून ओरडत होती, "तिला कुणी शिवू नका!"

माझी पाळी चालू होती. आमच्या घरात त्या दिवसांत बाईनं गोठ्यात राहायचं. चुलीला हात नाही, पाण्याला नाही. म्हशीची धारसुद्धा काढायची नाही, कारण दूध लोकांच्या घरी जातं. कडबा कापायला मात्र चालायचं. कडब्याला विटाळ होत नाही, असं सासूनंच ठरवलेलं. म्हणून कडबाकुट्टीच्या तोंडात मी पेंढी सारत होते आणि धाकटी जाऊ पलीकडून चाक फिरवत होती. कडब्याचं एक ताट आडवं झालं, ते सरळ करायला मी बोट आत घातलं. पातं त्याच दिवशी धार लावून आणलेलं होतं. दुखलं नंतर. आधी नुसतं गार लागलं.

जाऊ चाक सोडून रडायला लागली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं पेंढीची सुतळी ओढली आणि लांबूनच माझ्याकडे फेकली. "अक्का, आवळून बांधा, घट्ट!" मी दातांनी गाठ मारली. बोट निळं पडायला लागलं.

"आत्याबाई, तो तुकडा म्हशीपुढं जाईल की!" जाऊ सासूला म्हणाली.

"उचलू नगंस! फडक्यात घेऊन पुरून टाकू. माणसाचं अंग असं उघडं ठेवत न्हाईत."

सासूला तुकडा पुरायचा होता, आणि मला तो परत हवा होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं. म्हैस माझ्याच हाताची होती. जाऊ धारेला बसली की म्हैस दूध चोरायची, लाथ मारायची. धार अंगठ्यानं आणि त्याच बोटानं निघते. ते बोट गेलं तर मी घरात कशाला, हे सासू बोलली नसती, पण मला कळत होतं.

नवरा रात्रपाळी करून आत झोपला होता. गलका ऐकून बनियनवर बाहेर आला. तो गिरणीत होता. त्याच्या खात्यातल्या एकाचं बोट असंच तुटलं होतं. सोबत्यांनी तो तुकडा उघडाच बर्फात घालून नेला. तो पांढराफटक पडला, आणि डॉक्टरनं सगळ्यांना झाडलं होतं. ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून माझा शेंडा नीट दवाखान्यात पोचला. नाहीतर त्याला त्यातलं काय कळणार?

त्यानं आधी माझा हात धरला. सासूसमोर, जावेसमोर, आणि कुंपणापाशी जमलेल्या शेजारणींसमोर. त्या दिवसांत तर नाहीच, एरवीसुद्धा त्यानं मला चारचौघांत कधी हात लावला नव्हता. मी हात मागं ओढला.

"अगं, धर की नीट!" तो खेकसला.

"विटाळ केलास रे," सासू म्हणाली.

"आंघोळ करतो नंतर, तू गप बस."

"अशानं उरलेलं बोट मरंल," म्हणत त्यानं विळ्यानं सुतळी कापली. रक्त भळकन आलं. धुतलेलं धोतर फाडून त्यानं घडी जखमेवर दाबली आणि म्हणाला, "दाबून धर. हात डोक्याच्या वर. सोडून बघू नकोस." त्या बोटात लग्नातली अंगठी होती. सूज चढायच्या आत तीही त्यानं साबण लावून ओढून काढली. सासूनं हळदीचं दूध आणलं, तर ते परत पाठवलं. सुईनं गुंगी द्यावी लागली तर पोट रिकामं पाहिजे, म्हणाला.

मग कडबा चाळायला लागला. म्हशीला आधी लांब बांधलं. तुकडा सापडला तेव्हा सासू गोमूत्राची वाटी घेऊन उभी होती, शुद्ध करायला. त्यानं ती वाटी हातानं बाजूला सारली. हंड्यातलं चांगलं पाणी हळू ओतून भुसा काढला, घासलं नाही. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि जावेच्या नव्या लुगड्याची प्लॅस्टिकची पिशवी मागून त्यात घालून तोंड बांधलं. त्या लुगड्याची घडीही अजून मोडली नव्हती, पण पिशवी द्यायला जावेनं कां-कूं केलं नाही.

टांगा कोपऱ्यावरच होता. टांगेवाला आमचं रोजचं दूध घेणारा. नवऱ्यानं त्याला बर्फ आणायला पाठवलं, तर तो सोडावाल्याकडून भुशात ठेवलेल्या लादीचा चुरा डबाभर घेऊन आला. भुसा झटकूनच आणला होता.

"लाव, तुकडा डालतूं इसमें."

"नुस्ता तुकडा नको! पिशवी वर ठेवायची. बर्फ लागला की मरतो तो."

"अच्छा? हमको क्या मालूम, मच्छी तो सीधी रखते."

"मच्छीला परत पोहायला लावायचं नसतं," नवरा म्हणाला. टांगेवाला हसला. एरवी मलाही हसू आलं असतं.

मी टांग्यात बसले. आता खरी लाजेची गोष्ट. पहाटे घेतलेलं फडकं केव्हाच भिजलं होतं, आणि दुसरं गोठ्यातल्या खुंटीला राहिलं होतं. नवऱ्याला ते सांगायला तोंड उघडेना. एक हात डोक्यावर, दुसऱ्यानं घडी दाबलेली, पदर सावरायला हात नाही. सगळ्या रस्त्यानं लोक बघत होते. नवरा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसला होता आणि टांगा उडाला की मला दंडाला धरत होता. मला वाटत होतं, तुकडा वाळूदे नाहीतर कुजूदे, पण हा टांगा थांबू नये, कारण थांबला की उतरावं लागेल.

थांबला. उतरले. गादीवर डाग होता.

टांगेवाल्यानं बघितलं. "या अल्ला, बोटसे इत्ता खून गया भाबी का," म्हणाला आणि घोड्याच्या बादलीतलं पाणी घेऊन आपल्या हातानं धुवायला लागला. बोटाचं रक्त सगळं घडीत होतं, गादीवर एक थेंब नव्हता. मला ठाऊक होतं. नवऱ्यालाही कळलं असावं, कारण तो एकदम डबा उघडून बर्फ बघत बसला. मी म्हणायला हवं होतं, थांब भाऊ, मी धुते. म्हणाले नाही.

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं मला आडोशाला नेऊन कापूस दिला. तिनं काही विचारलं नाही. डॉक्टरनं पिशवी उघडली, तुकडा उलटसुलट बघितला.

"कुणी बांधला हा?"

"मीच, साहेब," नवरा म्हणाला.

"बरा बांधलाय. शिवतो. पण पोरांचं धरतं तसं मोठ्या माणसाचं धरेलच असं नाही. धरलं नाही तरी खालची जखम झाकून राहील."

बोटाच्या मुळाशी सुई दिली, दंडात धनुर्वाताची. शिवताना मी बघत होते. गोधडीला टाके घालतात तसंच.

घरी आल्यावर सासूनं आपल्या लेकाला, माझ्या नवऱ्याला, अंगणात बसवून डोक्यावरून पाणी घातलं. मला गोठा होताच.

शेंडा काळा पडला. मला वाटलं, संपलं. बरेच दिवस टोपीसारखा बसून राहिला आणि मग वाळून गळाला. कडेचा थोडा भाग मात्र जगला होता, बाकी खाली गुलाबी कातडं आलं होतं. नख अर्धंच आलं, वाकडं. गारठ्यात अजून ठणकतं. पण धार निघाली. म्हशीनं आधी मान वळवून बघितलं, मग पान्हा सोडला.

टांगेवाला पुढंही दूध घ्यायला यायचा. "भाबी, बोट कैसा?" असं मोठ्यानं विचारायचा आणि माझं किती रक्त गेलं होतं ते इतर गिऱ्हाइकांना सांगायचा. मी मान खाली घालून माप ओतत राहायचे. त्याला कधी थेंबभर जास्तसुद्धा घातलं नाही, कारण त्यानं का म्हणून विचारलं असतं तर?

सासू गेली. टांगेवाला गेला. नवरा गेला. जाऊ आणि मी आहोत. गादीवरचा तो डाग कशाचा, ते आता फक्त मलाच ठाऊक आहे.