मक्याचे आठ डबे

सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रोपांच्या वाढीचा धडा होता आणि पहिली काही वर्षं मी तो फळ्यावरच वाढवला. आकृती काढायची, नावं द्यायची, उत्तरं लिहून द्यायची. मंठ्याजवळच्या त्या खेड्यातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. पेरणी, खुरपणी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायची, आणि मी त्यांना खडूनं मूळ-खोड शिकवत होते. एका वर्षी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा, एका मुलानं विचारलं, "बाई, शेणखत टाकलं की पीक वाढतं म्हणतेत. पण खतानंच वाढतं, हे कशावरून?"

मी फळ्यावरची आकृती पुसली. म्हटलं, "करूनच बघू."

दुसऱ्या दिवशी मुलांनी तुपाचे रिकामे डबे आणले. त्यातले एकाच मापाचे आठ निवडले आणि खिळ्यानं प्रत्येकाच्या बुडाला तीन तीन भोकं पाडली. शाळेमागच्या बरडाची मुरमाड माती चाळून घेतली. चार डब्यांत नुसती माती, चार डब्यांत मुरलेलं शेणखत मिसळलेली. मी खताचे दोन पसे वरून टाकायला निघाले, तर एक मुलगी म्हणाली, "मंग खताचे डबे जास्त भरतेल की." बरोबर होतं. मग साध्या डब्यात आठ पसे माती आणि खताच्या डब्यात सहा पसे माती, दोन पसे खत असं ठरलं. प्रत्येक डब्यात एकाच कणसाचे तीन दाणे, बोटाच्या एका पेराएवढे खोल. उगवल्यावर एकच रोप ठेवायचं. पूर्वेच्या व्हरांड्यात डबे एक साधा, एक खताचा असे ओळीनं मांडले. रोज सकाळी प्रत्येकाला चहाचा एक कप पाणी.

फळ्याच्या कोपऱ्यात मी लिहून ठेवलं: बदललं ते फक्त खत, सारखं ठेवलं ते माती, बी, डबा, पाणी, ऊन, मोजायची ती उंची.

पाणी घालायचं काम मी एका मुलीला दिलं. त्या वर्गात जुळ्या बहिणी होत्या. एकाच बाकावर बसायच्या, पण शेजारी उभ्या राहिल्या तर दोन वर्षांचं अंतर वाटावं. थोरली उंच, बोलकी. धाकटी बारीक, गप्प. हाक मारली तरी आधी बहिणीकडे बघायची. तिला काहीतरी तिचं स्वतःचं असावं, म्हणून मी कप तिच्या हातात दिला. ती रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि कप डोळ्यांसमोर धरून काठोकाठ भरला का बघायची.

आठवड्याभरात कोंब वर आले. पहिले काही दिवस सगळी रोपं सारखीच दिसत होती. मी सांगितलं, दाण्यातलं अन्न संपेपर्यंत असंच राहणार. दर शनिवारी पट्टी लावून मातीपासून सगळ्यात लांब पानाच्या टोकापर्यंत मोजायचं आणि वहीत लिहायचं.

तिसऱ्या शनिवारी आकडे फळ्यावर मांडले आणि वर्गात गलका झाला. साधी रोपं खताच्या रोपांपेक्षा चांगली चार बोटं उंच होती. खताच्या डब्यांतली पानं उन्हात सुरळीसारखी वळली होती.

"ये तो उल्टा हो गया, बाई," मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला. त्याच्या घरी उर्दू बोलत.

"माझा बाप उगंच गाड्या भरभरून खत टाकतो मंग," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

मला हसू आलं नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं होतं, अभ्यासक्रम कुठवर आला म्हणून. मी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आपण काय काय सारखं ठेवलं होतं? एकेक तपासा."

मुलं व्हरांड्यात गेली. डबे तेच, ऊन तेच, माती तीच. मग एकानं साध्या डब्याच्या मातीत बोट खुपसलं आणि ओरडला, "बाई, हे वल्लं हाय! अन् खताचं कोरडं!" आम्ही आठही डबे बघितले. चारही साधे ओले होते, बुडातून पाणी पाझरत होतं.

मग थोरली पुढं आली. "मी टाकलं, बाई."

तिच्या मागून धाकटीचा आवाज आला. मी तो वर्गात इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता. "न्हाई, बाई. ती खोटं बोलून राह्यली. मी टाकलं. दुपारच्या सुट्टीत. माझ्या प्यायच्या बाटलीतलं."

"का गं?"

ती जमिनीकडे बघत राहिली. "त्यांना आपण काहीच दिलं न्हाई ना, बाई. त्यांना खतबी न्हाई. आम्ही दोघी झालो तवा मी लई अशक्त होते. आई मला अजून दोन घास जास्ती देती. मला वाटलं, यांनाबी..." थोरलीनं तिचा हात धरला होता.

माझा राग कुठच्या कुठं गेला. चूक माझीही होती. काय सारखं ठेवायचं ते मी लिहून दिलं होतं; का ठेवायचं, ते सांगितलंच नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांना विचारलं, "मग आता सांगा, साधी रोपं कशानं वाढली?"

"जास्त पाण्यानं," कुणीतरी म्हणालं.

"नाहीतर खतानं त्या बाकीच्या रोपांचं नुकसान केलं असंल," दुसरं.

"नक्की कोणतं?"

धाकटीनं डोळे पुसले. ती म्हणाली, "दोन गोष्टी येगळ्या झाल्या, बाई. खतबी अन् पाणीबी. म्हणून कळंना. एकच येगळी ठिवली असती तर कळलं असतं."

इतक्या वर्षांत मी ते वाक्य इतकं सरळ कधी शिकवलं नव्हतं. मी ते तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

सोमवारी आम्ही नव्यानं सुरुवात केली. माती बदलली, नवे दाणे पेरले. "पाण्याचं काम आता दुसऱ्या कुणालातरी द्या, बाई," एक मुलगा म्हणाला. मी कप धाकटीच्याच हातात ठेवला. त्या दिवसापासून ती दुपारच्या सुट्टीत बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवू लागली. मी नको म्हटलं तरी रोज.

यावेळी चार आठवडे थांबलो. खताच्या चारपैकी तीन रोपं जाड, गर्द हिरवी आणि उंच झाली. एक खुरटंच राहिलं. त्यावर पुन्हा वाद झाला, पण चार-चार डबे का घेतले ते मुलांना त्यातूनच कळलं. एकाच डब्यावर भरवसा ठेवला असता आणि नेमकं तेच खुरटं निघालं असतं, तर काय लिहिलं असतं? सरासरी काढली. खताची रोपं पुढं होती. मग मुलांनी आपणच पुढचा प्रयोग ठरवला: सगळ्या डब्यांत नुसती माती, निम्म्यांना एक कप, निम्म्यांना दोन.

खताच्या या प्रयोगाचं शेवटचं मोजमाप वहीत लिहून झालं तेव्हा मुलं खेळायला पळाली. धाकटी मागं थांबली. साध्या डब्यांतल्या पिवळट रोपांपुढे बसून तिनं विचारलं, "बाई, आता मोजून झालं ना? आता यांना खत दिलं तर चालंल?"

"चालेल," मी म्हटलं.

तिनं बहिणीला हाक मारली. दोघींनी ओंजळीनं खत आणलं आणि बोटांनी माती हलकेच उकरून चारही बुंध्यांशी घातलं. मी वर्गाच्या दारात वह्या हातात धरून उभी होते, आणि घंटा झाली तरी त्यांना आत बोलवायचं माझ्या मनात आलं नाही.