काढून टाकलेली रेघ

ड्रॉइंग ऑफिसात तिला सगळे रेघबाई म्हणत. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात ती पाच मीटर अंतर दाखवणारी एक मोजरेघ काढायची. कागद लहानमोठा झाला तरी रेघही त्याच प्रमाणात बदलते, मोजणारा फसत नाही. साहेबांना ती रेघ जुनाट वाटली. "काढून टाका ती, शोभत नाही," म्हणाले. सत्तावीस वर्षं नोकरी झाल्यावर शोभेवरून कोण वाद घालणार? तिने काढून टाकली. मार्चमध्ये तिचा करार संपत होता, वाढवायचा की नाही हे साहेबांच्या हातात होतं.

सोमवारी आईच्या डॉक्टरांची वेळ गाठायची म्हणून तिने जिन्याचा नकाशा घाईने पीडीएफ करून पाठवला. प्रमाण एकास पन्नास हवं होतं, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जागेवर पन्नास. नव्या कॉम्प्युटरवर मात्र 'फिट टू पेपर'ची खूण आधीच लागलेली. ती तिने काढलीच नाही. समासात बसवायला सगळा नकाशा तीन टक्क्यांनी आक्रसला, आणि वर अक्षरं तीच, एकास पन्नास! त्यात जिन्याच्या बीमवर माप लिहायचंही राहून गेलं होतं.

गुरुवारी सकाळी लोखंडकाम करणाऱ्या फॅब्रिकेटरचा फोन आला.

"ताई, बीमवर माप नव्हतं, म्हणून पीडीएफवर एकास पन्नास लावून मोजलं. पाच हजार आठशे वीस मिलिमीटर भरलं. कापून जागेवर धरला, तर वीतभर तोकडा."

असे बारा बीम होते.

"दादा, पीडीएफवरच खांबांच्या मधलं अंतर मोजा बरं. तिथे चार हजार मिलिमीटर लिहिलंय."

पलीकडे माउसची टिकटिक झाली. "तीन हजार आठशे ऐंशी."

"मग चूक माझी. ते चार हजार धरून प्रमाण पुन्हा बसवा, बीम सहा हजार येईल. किती कापलेत?"

"एकच. पहिला जागेवर धरून बघितल्याशिवाय मी दुसऱ्याला करवत लावत नाही. पण ताई, मीही आधी विचारायला हवं होतं."

तिने फोन ठेवला. मग उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. फिटची खूण, राहिलेलं माप, वाया गेलेला बीम. रेघेबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढून काय उपयोग होता?

साहेबांनी पीडीएफ उघडून कोपरा मोठा केला. तिथल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे ती तुमची रेघ असायची ना?"

"हो."

"असती तर त्याला कापण्याआधीच कळलं असतं."

ती नकाशा दुरुस्त करायला वळली.

"नवीन पीडीएफ करताना परत टाका," ते म्हणाले. "आणि मार्चनंतरच्या नकाशांवरही तुम्हीच टाका."