बघते, साहेब

बारामतीच्या दूध प्रकल्पातल्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काढून मी राजीनामा दिला. इंदापूरला एक नवा प्रकल्प उभा राहत होता आणि तिथली प्रयोगशाळा पहिल्या काचनळीपासून मला मांडायला मिळणार होती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पगारवाढ सांगितली, वर 'प्रयोगशाळा प्रमुख' हे पद. ज्यांनी मला दुधाची भेसळ ओळखायला शिकवलं, त्यांच्या तोंडावर नाही म्हणवेना. मी म्हटलं, "बघते, साहेब."

घरी, वरकुट्याला, माझे सासरे आबा खूश झाले. आबांनी निम्म्या गावाच्या सोयरिकी जुळवल्यात. "ब्येस केलंस. 'बघतो' म्हंजे न्हाय. शाण्या माणसाला कळतंय."

शाण्या माणसाला कळत असेल. पण आमचे साहेब ज्या कामाला 'बघतो' म्हणत, ते आठवड्यात झालेलं असे. सोमवारी गेले तर प्रयोगशाळेतल्या केबिनच्या दारावर पितळी पाटी, माझं नाव आणि खाली 'प्रयोगशाळा प्रमुख', आणि टेबलावर पेढे! एचआरच्या मॅडम कागद घेऊन उभ्या: "राजीनामा मागं घेतल्याचं दोन ओळीत लिहून द्या." तेवढ्यात इंदापूरहून फोन, "एक तारखेला येताय ना?" मी तोंडात पेढा धरून "हो" म्हटलं. आता दोन्हीकडं हो झालं होतं. स्वतःचा असा राग आला, की विचारू नका.

घरी आबा म्हणाले, "पत्रिका जुळत न्हाय म्हन."

"आबा, हे लग्न नाही."

साहेबांना लिहिलेला पहिला मेल दीड पान झाला, सगळा माफीचा. वाचून मलाच वाटलं, ही बाई थांबणार. सगळं खोडून लिहिलं: 'आपण देऊ केलेल्या पदाबद्दल आणि पगारवाढीबद्दल मनापासून आभार. पूर्ण विचार करून मी ते स्वीकारत नाही. राजीनामा कायम आहे. शेवटचा दिवस ठरलेलाच राहील आणि तोवर माझं सगळं काम नीट सोपवून देईन. इथं जे शिकले ते तुमच्यामुळं.' इंदापूरचा पगार, इथल्या कुरबुरी, एक अक्षर नाही. पाठवलं आणि साहेबांना भेटायला गेले.

"मग 'बघते' कशाला म्हणालात?"

"नाही म्हणायची भीती वाटली, साहेब."

त्यांनी समोर उघडलेला माझा मेल बंद केला. मग म्हणाले, "पेढे संपवा तरी."

शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीचं पत्र हातात घेताना मी विचारलं, "आमच्या उद्घाटनाला याल ना?"

साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, "बघतो."

हे साहेबांचं 'बघतो' की आबांचं, काही कळेना. घरी येऊन मी रडले.

उद्घाटनाला सगळ्यांच्या आधी फाटकाशी साहेबांची गाडी उभी होती. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "तिकडं कुणाच्या उपयोगाची नाही," म्हणाले. आत तीच पितळी पाटी होती, आणि सोबत चार स्क्रू.