आरशातला सातचा पाढा

केस कापणाऱ्याने आरसा विसरावा म्हणजे कमालच झाली. पण आपल्या या न्हाव्याच्या हातून ती झाली खरी.

दुकान तसं एका खोलीचं. समोरच्या भिंतीवर भलाथोरला आरसा, त्याच्यापुढे गोल फिरणारी खुर्ची आणि मागच्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. तक्ता त्याने हौसेने आणलेला, ठळक मराठी आकड्यांचा. तिसरीतली लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, शाळा सुटली की इथेच यायची. बाकावर बसून एक पाढा मोठ्याने म्हणायचा, मग तक्त्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचं आणि बापाने तीन प्रश्न विचारायचे, तेही हातातलं काम न थांबवता. रागावणं नाही, छडी नाही. चुकलं तर, "उद्या बघू," एवढंच. तिन्ही बरोबर आले तर मात्र गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारायचा मान तिचा.

त्या फवाऱ्यापायी पोरीचा जीव टांगणीला लागलेला. सातच्या पाढ्यात पाचापर्यंत गाडी धडधडत जायची, पुढे रुळावरून घसरायची. चालीवर म्हणताना ती सगळा पाढा सुरात ओढून न्यायची, पण मधलंच एखादं विचारलं की छताकडे बघायची.

त्या दिवशी खुर्चीत सुतारकाका होते. आधी दाढी, मग केस, असा बेत. गालांना फेस लागला आणि भिंगरी स्टुलावर येऊन बसली. नेहमी घाईघाईने पाय हलवणारी पोर आज एखाद्या साहेबासारखी मांडीवर हात ठेवून, नजर सरळ समोर.

बापाने वस्तरा चालवता चालवता विचारलं, सहा सक?

"छत्तीस."

सात नव्वे?

थोडं डोळे बारीक करून, "त्रेसष्ट."

बापाची छाती फुगली. काकांनी फेसातूनच कौतुकाचा हुंकार दिला. बापाने मुद्दाम तिचा जुना दुखरा दात हलवला. सात अठ्ठे?

"पस्तीस," भिंगरी ठणकावून म्हणाली.

वस्तरा हवेतच थांबला. पोरगी अडखळली असती तर बापाला काही वाटलं नसतं. पण एवढ्या तोऱ्यात चूक? त्याने तिची नजर कुठे लागलीय ते पाहिलं. थेट आरशात. आणि आरशात, काकांच्या फेसाळ चेहऱ्याच्या वर, मागचा तक्ता लख्ख दिसत होता.

आता गंमत बघा. आपले तीन आणि सहा एकमेकांची उलटी रूपं. आरशात तीनचा सहा होतो, सहाचा तीन, शिवाय आकड्यांच्या जागाही बदलतात. त्यामुळे छत्तीस आरशातही छत्तीसच राहतो आणि त्रेसष्टही त्रेसष्टच. पण छप्पन्न? सहाचा तीन होऊन पुढे आला, पाच पाठमोरा होऊन मागे गेला. झाले पस्तीस.

बापाला हसू आवरेना. पण त्याने ते मिशीत दडवलं आणि साळसूदपणे विचारलं, "बरं बाई. मग सात पंचे किती?"

हे तर तिला झोपेतही येत होतं. "पस्ती..." म्हणता म्हणता ती थांबली. आरशातल्या आकड्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. बापाने वस्तरा पुसायला घेतला आणि तिला विचारलं:

"म्हणजे सात पाच वेळा घ्या नाहीतर आठ वेळा घ्या, सारखंच? मग वरचे तीन सात कुणी खाल्ले? काका, तुम्ही?"

काका हसायच्या बेतात होते. बापाने त्यांची हनुवटी धरून, कापलं तर माझी जबाबदारी नाही, अशी तंबी दिली.

भिंगरीने डोळे गच्च मिटले. ओठ पुटपुटायला लागले. पस्तीस. वर तीन सात, म्हणजे एकवीस. पस्तीस नि वीस पंचावन्न, आणि एक.

"छप्पन्न," ती हळूच म्हणाली. मग डोळे उघडून, "बाबा, हे आत्ता माझं मीच केलं. शप्पथ."

"डोळे मिटले होतेस, ते पाहिलं मी."

"मग फवारा?"

बाप अडचणीत आला. पहिली दोन उत्तरं आरशाची, तिसरं आधी चुकलेलं. नियमाने काहीच द्यायला नको होतं. त्याने काकांकडे पाहिलं. डोकं त्यांचं, भिजणार तेच. काकांनी एक बोट वर करून अट घातली: आणखी एक विचारा, डोळे मिटून.

"सात सक?" बापाने विचारलं.

डोळे मिटले. पस्तीस, वर एक सात. "बेचाळीस."

मग मात्र दाढी उरकल्यावर तिने काकांना असं न्हाऊ घातलं की कानांतून पाणी ठिबकायला लागलं. काका म्हणाले, बेचाळीसला एवढं, तर उद्या छप्पन्नला मी छत्री घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी बापाने तक्त्यावर टॉवेल टांगला. भिंगरी आली, टॉवेलकडे बघून तोंड वाकडं केलं आणि स्टुलावर बसली. बापाने पहिला प्रश्न विचारण्याआधीच तिने डोळे मिटून घेतले.

फक्त डावा जरासा किलकिला होता.