त्रेसष्ट लेखांची वर्गवारी

माझे त्रेसष्ट लेख छापून आले होते. हा आकडा मला पाठ होता आणि माझ्यापेक्षा माझ्या सासऱ्यांना जास्त पाठ होता. केदारखेड्याला कुणाच्याही लग्नात पंगतीत बसले की ते शेजाऱ्याला सांगत, "आमच्या जावयाचे त्रेसष्ट लेख हायेत." शेजारी वरण ओढत मान हलवायचा. लेख कशावर आहेत हे कधी कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच होतं.

मी १९८१ साली जालना जिल्ह्यातल्या एका लहानशा शेती संशोधन केंद्रात लागलो. काम पिकांच्या रोगांचं, मुख्यतः तुरीवरच्या मर रोगाचं. रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी बियाण्याला औषध चोळण्यावर माझा एक छोटा लेख जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आला. त्याची नोंद मी टाइप करून घेतली, कागदावर 'प्रकाशने' असं शीर्षक देऊन खाली एक नंबर घातला. पुढं जे जे छापून आलं ते मी त्याच कागदावर, खाली जागा होती म्हणून, खाली खाली लिहीत गेलो. कागद भरला की दुसरा जोडायचा. संशोधन लेख, परिषदेतले सारांश, शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिका, वर्तमानपत्रातले लेख, आकाशवाणीवरची भाषणं, सगळे एका रांगेत. सोळा वर्षांत चार कागद झाले आणि टाचणीला गंज चढला.

मग वरच्या पदाची जाहिरात निघाली. जागा एकच होती. मी सोळा वर्षं त्याच खुर्चीत होतो, माझ्यानंतर आलेले दोघं बदली होऊन वर गेले होते, आणि माझं वय पाहता ही बहुधा शेवटची संधी होती. जाहिरातीत लिहिलं होतं की प्रकाशनांची यादी प्रकारानुसार वेगवेगळ्या विभागांत द्यावी, प्रत्येक विभागात अलीकडचं आधी आणि जुनं शेवटी. तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या नियतकालिकांतले किमान सात संशोधन लेख हवेत. ते नसतील तर मुलाखतीला बोलावणार नाहीत. मी जाहिरात वाचून निवांत होतो. त्रेसष्टातून सात निघणार नाहीत, तर कशातून निघतील?

केंद्रात एक मॅडम होत्या. वाटूरकडच्या शेतकरी घरातल्या, तिशीच्या, दोन वर्षांपूर्वी पीएच.डी. करून रुजू झालेल्या. त्या मोजकं बोलत आणि जे बोलत ते बरोबर असे, त्यामुळे मला त्यांचा थोडा राग यायचा. त्यांची यादी मी पाहिली होती. दीड पान. संशोधन लेख आठ, सगळ्यात वर 'छपाईत' म्हणून एक, त्याखाली त्याच वर्षीचा, त्याखाली गेल्या वर्षीचा. एखाद्याच्या घरात पाय ठेवल्याबरोबर चपलांची रांग दिसावी, तशी ती यादी होती. त्याही याच जागेसाठी अर्ज करणार होत्या. हे सगळ्या केंद्राला माहीत होतं आणि आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नव्हतो.

माझे चार कागद घेऊन मी जालन्याला संगणकावर टाइप करून घ्यायला निघालो होतो. मॅडमनी ते टेबलावर पाहिले.

"सर, हे असंच देऊन राह्यले का?"

"तो टाइप करणारा मुलगा लावील की क्रमानं."

"तो टाइप करील सर. कुठला लेख कुठं बसतो हे त्याला कसं कळंल?"

मी कागद परत टेबलावर ठेवले. दुपारी जेवणानंतर त्यांनी माझ्या कागदांची झेरॉक्स काढून आणली आणि कात्रीनं एकेक ओळ वेगळी केली. त्रेसष्ट पट्ट्या. एप्रिल महिना होता, पण पट्ट्या उडतील म्हणून त्यांनी पंखा बंद केला. मग आमच्याकडं निवडलेलं बियाणं ठेवायला खाकी कागदी पिशव्या असत, त्यातल्या सहा घेऊन प्रत्येकीवर विभागाचं नाव लिहिलं: संशोधन लेख, पुस्तकातलं प्रकरण, परिषदेतले सारांश, पुस्तिका व अहवाल, लोकप्रिय लेख, आकाशवाणी. "जास्त वजनाचा विभाग आधी," त्या म्हणाल्या. मी घाम पुसत समोर बसलो.

पहिली अडचण लोकप्रिय लेखांत आली. मर रोगावरचा एक लेख तीन वर्तमानपत्रांनी छापला होता आणि मी त्याला तीन नंबर दिले होते. असे आणखी दोन होते. मॅडमनी तिन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून टाचणी मारली. सगळं झाल्यावर त्रेसष्टचे सत्तावन्न झाले. उन्हात वाळत टाकलेला हरभरा चिमण्यांनी टिपावा, तसे सहा लेख माझ्या डोळ्यांदेखत गेले. सासऱ्यांना हे कसं सांगायचं, हा विचार माझ्या मनात आधी आला. खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी संशोधन लेखांची पिशवी टेबलावर उपडी केली. पट्ट्या सालाप्रमाणं लावल्या, नवं वर. १९९१ चे दोन होते, तर ज्याचा अंक नंतरचा तो वर ठेवला. सगळ्यात वर १९९४ आलं. त्याच्या वर काही नव्हतं. आतापर्यंत खाली खाली लिहीत गेल्यामुळं मला माझी शेवटची ओळ वर्तमानपत्रातल्या गेल्या महिन्याच्या लेखाची दिसायची, आणि मी मोठ्या जोमात आहे असं वाटायचं. इथं मात्र पहिल्याच ओळीत दिसत होतं की तीन वर्षांत मी एकही संशोधन लेख लिहिलेला नाही. आणि खाली मोजलं तर पट्ट्या सहा होत्या.

मी पुन्हा मोजल्या. सहाच.

मॅडम पाणी प्यायला गेल्या होत्या. मी लोकप्रिय लेखांच्या ढिगातली एक पट्टी उचलली. शेतकऱ्यांच्या एका मासिकातला लेख, चांगला सहा पानी, तक्त्यासकट. तो मी १९९४ च्या वर ठेवला. ठेवताना मला काही वाईट वाटलं नाही. उलट विभाग एकदम भरल्यासारखा दिसला.

त्या आल्या, त्यांनी पाहिलं, आणि पट्टी उचलून परत तिकडं ठेवली.

"न्हाई सर. हे शेतकऱ्यांचं मासिक हाये. तपासायला कुणाकडं गेल्तं का?"

"संपादकांनी पाहिलं होतं."

"संपादक पाह्यतातच. छाननीत हे पहिलं पकडतील. मंग बाकीच्या सहावरबी शंका घेतील."

मी चिडलो. म्हणालो, "मग राहू द्या. सहाच आहेत. अर्ज करत नाही." आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की हिला हेच हवं होतं. मी उठून पंखा लावला. पट्ट्या उडाल्या. मॅडम खाली वाकून एकेक गोळा करू लागल्या, आणि मला उभं राहून बघण्याची लाज वाटली म्हणून मीही वाकलो.

गोळा करता करता त्यांच्या हातात 'पुस्तिका व अहवाल' मधली एक पट्टी आली. त्यांनी ती वाचली.

"सर, हे अहवालात कसं टाकलं?"

ती १९८४ ची दीड पानी टीप होती. ज्वारीत मिश्र पीक म्हणून घेतलेल्या तुरीवर मर रोग कमी दिसतो, एवढंच त्यात. मी एकट्यानंच लिहिली होती. छापून आली तेव्हा आमचे तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "हा लेख नाही, नुसती टीप आहे," आणि मी निमूटपणे यादीत तिच्यापुढं 'अहवाल' असं लिहिलं होतं.

"टीपच आहे ती. दीड पान."

"लहान असली म्हणून काय झालं? नियतकालिक तपासून छापणारं हाये, टिपाबी तपासूनच छापत्यात. ही संशोधन लेखांतच बसती." मग त्या जरा हळू म्हणाल्या, "माझ्या थीसिसमंदी पहिला संदर्भ हाच हाये, सर. ही वाचूनच मी विषय घेतल्ता."

सोळा वर्षांत माझं लिहिलेलं कुणी वाचलं, असं मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.  मी उगाच खिडकीकडं पाहून म्हणालो, "आज ऊन फार आहे."

त्यांनी पट्टी सगळ्यात खाली ठेवली, १९८६ च्या लेखाखाली. सात.

आता मात्र मी विचारलंच. "मॅडम, तुम्हीही याच जागेला अर्ज करताय ना?"

"हो, सर."

"मग हे कशाला दाखवलं?"

"छापून आलेली टीप हाये. मी ती न्हाई म्हणू का?" असं म्हणून त्या पट्ट्या कोऱ्या कागदावर डिंकानं चिकटवू लागल्या. प्रत्येक विभागात नंबर पुन्हा एकपासून घातले.

मुलाखतीला आम्हा दोघांनाही बोलावलं. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझी यादी हातात घेतली, संशोधन लेखांच्या तळाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा सातवा तुमचा एकट्याचा दिसतो. याबद्दल सांगा." बाकी सहांत माझं नाव दुसरं किंवा तिसरं होतं. मी वीस मिनिटं ज्वारी आणि तूर यांच्याबद्दल बोललो. बाकी काही विचारलंच नाही.

महिन्याभरानं माझ्या नावाचा आदेश आला. घरी बायकोनं पेढे आणायला सांगितले. सासऱ्यांनी गावात सांगितलं की जावयाला त्रेसष्ट लेखांवर बढती मिळाली. मी ते दुरुस्त केलं नाही.

मी पेढे घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेलो. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती, तुमच्यामुळं झालं वगैरे. समोर उभा राहिल्यावर नुसता पुडाच पुढं केला. त्यांनी पेढा घेतला, अर्धा मोडून खाल्ला, आणि म्हणाल्या, "अभिनंदन सर. बिलकुल बराबर झालं. तुमचा अनुभव जास्त हाये."

मग त्यांनी खणातून माझ्या परिचयपत्राची केंद्रातली प्रत काढली. "आता हेबी बदलावं लागंल. पदांची यादीबी तशीच असती, नवं पद वर." त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या जुन्या पदाच्या वरच्या मोकळ्या जागेत नवं पद लिहिलं. ज्या पदासाठी त्यांनीही अर्ज केला होता, त्याचं पूर्ण नाव, न चुकता, सुवाच्य अक्षरात. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं सरकवला.

"तारीख तेवढी तुम्ही टाका, सर."

मी खिशाला पेन असून त्यांचीच पेन्सिल मागितली आणि तारीख टाकली.